‘ध’चा ‘मा’ नव्हे, ‘द’: मॅग्नेटिक स्विच टायपिस्टने कसे लावावेत

प्रश्न: मी गेम खेळत नाही. दिवसभर इन्स्क्रिप्ट मांडणीवर मराठी टाइप करते, थोडं इंग्रजीही असतं. मॅग्नेटिक स्विचचा कीबोर्ड घेतला, सगळ्या कीजचं ॲक्चुएशन, म्हणजे किती खोलीवर की दाबली धरायची ते, ०.२ मिमी केलं आणि बोट जरा वर येताच की सुटली धरणारं रॅपिड ट्रिगर चालू केलं. वेग वाढायच्या ऐवजी चुकाच वाढल्या. अक्षरं दोनदा उमटतात, मध्येच ‘ध’चा ‘द’ होतो. दोष माझ्या बोटांत आहे की सेटिंगमध्ये? आणि टायपिस्टला या स्विचचा खरंच काही उपयोग आहे का?

उत्तर: दोष सेटिंगमध्ये आहे. रॅपिड ट्रिगर पूर्ण बंद करा, सगळ्या कीज २.० मिमीवर आणा आणि तासभर नेहमीचं काम करा. बहुतेक चुका तिथेच थांबतील. उपयोग आहे, पण जाहिरातीत दाखवतात त्याच्या उलट दिशेला. गेम खेळणारा हे स्विच जास्तीत जास्त हळवे करतो. टायपिस्टला फायदा होतो तो काही कीज मुद्दाम कमी हळव्या करता येतात म्हणून, आणि तेही प्रत्येक बोटाच्या सवयीप्रमाणे.

कारण समजायला स्विचच्या आत काय चालतं ते थोडं पाहावं लागेल. साध्या मेकॅनिकल स्विचमध्ये धातूच्या दोन पट्ट्या एकमेकींना टेकतात आणि की दाबली गेल्याची नोंद होते. चेरी एमएक्स रेडसारख्या स्विचमध्ये हे साधारण २ मिमी खोलीवर घडतं, पूर्ण प्रवास ४ मिमीचा असतो आणि ती जागा कारखान्यात ठरून येते. मॅग्नेटिक स्विचमध्ये पट्ट्या नसतात. दांडीत छोटा चुंबक असतो आणि खाली सर्किट बोर्डवर हॉल सेन्सर. चुंबक जसा खाली येतो तसं सेन्सरच्या जागचं चुंबकीय क्षेत्र वाढतं, त्यावरून की या क्षणी किती खोल आहे हे फर्मवेअर, म्हणजे कीबोर्डच्या आतला प्रोग्राम, ठरवतं. म्हणजे कीबोर्डला फक्त ‘दाबली’ आणि ‘सुटली’ एवढंच कळत नाही, अख्खा प्रवास सतत दिसत असतो. कुठल्या खोलीवर ‘दाबली’ म्हणायचं हा मग निव्वळ एक आकडा उरतो, आणि आकडा बदलता येतो.

सोडण्याचंही तसंच. रॅपिड ट्रिगर बंद असताना की ठरलेल्या खोलीखाली गेली की दाबलेली आणि त्या खोलीच्या जरा वर आली की सुटलेली मानतात. रॅपिड ट्रिगर चालू केलं की ही ठरलेली रेषा नाहीशी होते. की जिथपर्यंत खाली गेली असेल तिथून ठरावीक अंतर वर सरकली की सुटली, आणि तिथून तेवढंच अंतर पुन्हा खाली गेली की परत दाबली. हे अंतर ०.१ किंवा ०.२ मिमी ठेवलं, तर की तळाशी असतानाच सुटू शकते आणि पुन्हा दाबली जाऊ शकते. नेमबाजीच्या खेळात पात्राला क्षणात थांबवायचं असतं, म्हणून बोट उचलायला लागताच की सुटलेली धरणं तिथं मोलाचं. टायपिंगमध्ये मात्र बोट जरासं हललं म्हणजे की सोडायची होती, असं मुळीच नसतं.

अक्षरं दोनदा उमटण्याचं कारण इथंच आहे. समजा तुम्ही ‘प’ जोरात दाबलात. की ३.९ मिमीपर्यंत गेली, तळाला आपटली, बोटासकट उसळून ३.७ वर आली आणि पुन्हा ३.९ वर बसली. तुमच्या दृष्टीनं हा एकच ठोका. ०.२ मिमीच्या रॅपिड ट्रिगरच्या हिशेबात मात्र की दाबली, सुटली आणि पुन्हा दाबली. पडद्यावर ‘पप’. यात आणखी एक भर पडते ती डुलण्याची. कीकॅपच्या कोपऱ्यावर बोट पडलं की दांडी किंचित तिरकी होते, चुंबक बाजूला सरकतो आणि सेन्सरला तेही उभ्या हालचालीसारखंच वाटतं. स्पेसबार आणि शिफ्टसारख्या लांब कीजवर बोट क्वचितच मधोमध पडतं, त्यामुळे हा घोळ तिथं जास्त. खात्री करायची असेल तर कीबोर्डच्या सॉफ्टवेअरमध्ये कीची खोली जिवंत दाखवणारी पट्टी किंवा आलेख असतो तो उघडा. एखादी की दाबून धरा आणि बोट सैल सोडा. पट्टी थोडीशी मागेपुढे होताना दिसेल. तुमच्या बोटाची ही नैसर्गिक थरथर ज्या अंतरात आहे, त्याहून लहान रॅपिड ट्रिगर म्हणजे दुहेरी अक्षरांना आमंत्रणच.

बॅकस्पेस दाबून धरून ओळ खोडतानाही याच कारणानं मध्येच थांबल्यासारखं होतं. बोट सैल पडलं, की सुटली, परत दाबली गेली आणि संगणकानं सुरुवातीचा थांबा पुन्हा मोजायला घेतला.

आता ‘ध’चा ‘द’. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्टचं काम इंग्रजीपेक्षा फार जास्त असतं. इंग्रजीत वाक्याच्या सुरुवातीला एखादं मोठं अक्षर, बस. आपल्याकडे ख, घ, छ, झ, थ, ध, फ, भ सगळे शिफ्टवर, सुटे स्वरही शिफ्टवर. म्हणून हे स्विच मराठी टायपिस्टला इतरांच्या आधी छळतात. ‘धार’ हा शब्द घेऊ. डाव्या करंगळीनं शिफ्ट, उजव्या हातानं ‘द’ची की, मग डाव्या मधल्या बोटानं काना, मग उजव्या तर्जनीनं ‘र’. शिफ्ट ३.४ मिमीपर्यंत दाबली गेली. उजवा हात ‘द’कडे वर सरकतो तेव्हा डावा हातही नकळत सैलावतो आणि करंगळी ३.१ वर येते. करंगळीनं शिफ्ट सोडलेली नाही, पण ०.३ मिमी वर आल्याबरोबर रॅपिड ट्रिगरनं ती सुटल्याचं कळवून टाकलं. त्याच सुमारास ‘द’ची नोंद झाली. पडद्यावर ‘दार’. शब्द खरा असल्यामुळे शुद्धलेखन तपासणीतूनही तो सुटतो, हे त्यातलं वाईट. रॅपिड ट्रिगर बंद असतं आणि शिफ्ट २.० मिमीवर असती, तर करंगळी जवळपास २ मिमीपर्यंत वर येईतो शिफ्ट धरलेलीच राहिली असती.

शिफ्टची उलटी चूकही असते, आणि ती ओळखता यायला हवी, कारण तिचा उपाय वेगळा. ‘धार’ऐवजी ‘धआर’ येत असेल, तर शिफ्ट लवकर सुटत नाहीये, ती उशिरा सुटते आहे. कान्याच्या वेळी शिफ्ट अजून धरलेली असल्यानं कान्याचा ‘आ’ झाला. रॅपिड ट्रिगर बंद असताना शिफ्ट ०.२ मिमीवर ठेवली की असं हमखास होतं, कारण की जवळजवळ पूर्ण वर आल्याशिवाय सुटतच नाही. करंगळी सगळ्यात आळशी बोट, ती शेवटचा मिलिमीटर सावकाश सोडते. इथं शिफ्ट खोल नेणं हाच उपाय. २.२ किंवा २.५ मिमीवर ठेवलेली शिफ्ट वर येताना लवकर सुटते. खोल नेल्यावर ती वेळेत लागेनाशी झाली, म्हणजे पुन्हा ‘दार’ येऊ लागलं, तर ती पुन्हा वर आणून फक्त शिफ्टपुरतं रॅपिड ट्रिगर वापरून पाहता येतं, पण अंतर १ मिमीच्या आसपास ठेवून. त्यात करंगळीचा सैलपणा खपून जातो आणि खरंच सोडायला लागल्यावर की लवकर सुटते. टायपिंगसाठी रॅपिड ट्रिगर मला उपयोगी वाटतं ते इथे, आणि एकाच बोटानं तेच अक्षर लागोपाठ दोनदा मारणाऱ्यांना थोडंसं. बाकी ठिकाणी ते बंदच बरं.

०.२ मिमीवर की लवकर लागते, मग वेग का वाढला नाही, हा प्रश्न उरतो. समजा बोट सेकंदाला १०० मिमी वेगानं खाली येतं. २.० ऐवजी ०.२ मिमीवर नोंद झाली तर १.८ मिमी वाचले, म्हणजे १८ मिलिसेकंद. पण हे १८ मिलिसेकंद प्रत्येकच अक्षरात वाचतात. सगळी अक्षरं तेवढीच आधी उमटली, दोन अक्षरांमधलं अंतर होतं तेवढंच राहिलं. मिनिटाला ६० शब्दांच्या वेगात, शब्दाला ५ ठोके धरले तर दोन ठोक्यांत सरासरी २०० मिलिसेकंद जातात, आणि ते जातात पुढचं बोट पुढच्या कीपर्यंत पोचायला. त्यात स्विचचा हिस्सा नाही. सेकंदाला ८००० वेळा माहिती पाठवणारे कीबोर्ड मिळतात त्यांचंही तेच. लिहिणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही.

आता फायद्याकडे येऊ. टाइप करताना सगळी बोटं कीजवर सारख्या वजनानं टेकत नाहीत. अनामिका आणि करंगळी विश्रांती घेताना कीवर रेलतात, अंगठा स्पेसबारवर पडून असतो, आणि वरच्या ओळीकडे जाताना शेजारच्या कीला बोट घासून जातं. या रेलण्याघासण्यात की अर्धा ते एक मिमी सहज खाली जाते. साध्या स्विचला सगळ्यांसाठी एकच रेषा, त्यामुळे एका बोटाची सोय दुसऱ्याची गैरसोय होते. इथे अंगठ्याखालचा स्पेसबार २.५ मिमीवर, रेलणाऱ्या करंगळीखालच्या कीज २.३ वर आणि नीट उचलून पडणाऱ्या तर्जनीखालच्या १.८ वर असं लावता येतं. नको असलेल्या जागा आणि मध्येच उपटणारी अक्षरं यानं खरोखर कमी होतात. खर्च केलेल्या पैशांची वसुली मुख्यतः इथेच.

मात्र बोटांमधला फरक अर्ध्या मिमीच्या फार पुढे नेऊ नका. ‘पत्र’ लिहिताना त, मग हलन्त, मग ‘र’. त उजव्या अनामिकेचा, हलन्त डाव्या मधल्या बोटाचा. त २.५ मिमीवर आणि हलन्त १.० वर ठेवला, तर वरच्याच हिशेबानं हलन्ताला १५ मिलिसेकंदांची आघाडी मिळते. वेगवेगळ्या हातांचे ठोके घाईत इतक्या जवळ पडू शकतात. मग बोटांनी बरोबर क्रमानं दाबूनही हलन्त आधी नोंदला जातो आणि ‘पत्र’चं ‘प्तर’ होतं. सेटिंग बदलल्यानंतर अक्षरांची अदलाबदल वाढली, तर खोल्यांमधला फरक जास्त झालाय असं समजा. ज्या जोडीत गडबड होते तिच्या दोन्ही कीज एकमेकींच्या जवळ आणा.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवा. सगळ्या कीज २.० मिमी, रॅपिड ट्रिगर बंद, आणि दोन-तीन दिवस रोजचंच काम. टायपिंग चाचणीच्या संकेतस्थळावर मोजू नका, तिथं माणूस वेगळ्याच ताठरपणे टाइप करतो. चुका सुधारण्याआधी शेजारी कागदावर फक्त प्रकार टिपा: न मारलेलं अक्षर आलं, मारलेलं आलं नाही, दोनदा आलं, क्रम फिरला, शिफ्ट चुकली. न मारलेलं अक्षर येत असेल तर ती की ०.३ मिमीनं खोल न्या. मारलेलं येत नसेल तर तेवढीच वर आणा. बहुधा ती करंगळीची किंवा वरच्या ओळीच्या टोकाची की निघेल. एका वेळी एकाच बोटाच्या कीज बदला आणि पुन्हा दिवसभर काम करा. दोन बदल एकत्र केले की कशानं काय झालं ते कळत नाही. दोन-तीन फेऱ्यांनंतर बदलण्यासारखं फारसं उरत नाही, आणि बहुतेकांचे आकडे १.५ ते २.५ च्या दरम्यानच येऊन थांबतात.

हे करताना एक गैरसमज मनातून काढा. ॲक्चुएशन वर आणल्यानं की हलकी होत नाही. स्प्रिंग तीच राहते. वर ३० ग्रॅम आणि तळाशी ५० ग्रॅम जोर लागणारा स्विच असेल, तर १ मिमीवर साधारण ३५ आणि २ मिमीवर ४० ग्रॅम लागतो. हा फरक तेव्हाच हाती लागतो जेव्हा बोट नोंद होताच थांबतं, आणि बोट थांबत नाही. मॅग्नेटिक स्विच जवळजवळ सगळे लिनिअर असतात, नोंद झाल्याची कसलीच खूण बोटाला मिळत नाही, त्यामुळे बहुतेकजण तळापर्यंतच दाबतात. हात दुखतात म्हणून हे स्विच घेणार असाल तर आकड्यांपेक्षा स्प्रिंग किती हलकी आहे ते आधी पाहा. आणि मधल्या टचकन लागणाऱ्या उंचवट्याची, म्हणजे टॅक्टाइल स्विचची सवय असेल, तर तो उंचवटा इथे आठवेल. उंचवट्याचे मॅग्नेटिक स्विच थोडे आहेत, पण उंचवटा एका जागी पक्का आणि नोंदीची जागा दुसरीकडे सरकवलेली, असं झालं की बोट फसतं.

हे सगळं करूनही एखादीच की वेडेपणा करत राहिली तर सेटिंग सोडा आणि कॅलिब्रेशन पाहा. सेन्सरला चुंबकाचं मूळ क्षेत्र आणि तळाचं क्षेत्र माहीत असावं लागतं, तरच मधले मिलिमीटर खरे. स्विच बदलला, तापमान बरंच बदललं किंवा चुंबकाचं झाकण असलेला टॅब्लेट कीबोर्डाला खेटून ठेवला, तर हिशेब ढळतो. खोलीची पट्टी उघडून हात बाजूला घ्या. मोकळी की शून्य दाखवायला हवी आणि तळाशी दाबल्यावर पूर्ण प्रवास. मोकळी असतानाच ०.३ दाखवत असेल, तर ०.२ मिमीच्या सेटिंगवर ती कोणी हात न लावता टाइप करेल. सॉफ्टवेअरमधलं कॅलिब्रेशन चालवा: आधी कीबोर्डला मुळीच हात लावायचा नाही, मग प्रत्येक की एकेकदा तळापर्यंत सावकाश दाबायची. कीकॅप स्विचवर तिरका बसला असेल किंवा खाली काही अडकून की तळाला पोचत नसेल, तर तेही याच पट्टीवर दिसतं. स्विच बदलताना दुसऱ्या कंपनीचा घालू नका, जोवर तुमच्या कीबोर्डाच्या यादीत त्याचं नाव नाही. चुंबकाची दिशा आणि ताकद वेगळी असते. स्विच खाचेत बसतो पण वाचला जात नाही, किंवा चुकीचा वाचला जातो.

टायपिस्टला आणखी एक फायदा मिळतो, तो वर्षांनी. पट्ट्यांचे स्विच जुने झाले की संपर्क नीट जुळत नाही आणि एका ठोक्यात दोन अक्षरं येऊ लागतात. दुरुस्तीला येणाऱ्या जुन्या मेकॅनिकल कीबोर्डांत ही तक्रार नेहमीची. इथे घासणारा विजेचा संपर्कच नाही, त्यामुळे ती झीजही नाही. हॉल सेन्सरचे कीबोर्ड नवे आहेत असं वाटतं, पण हनीवेलच्या मायक्रो स्विच विभागानं ते १९६० च्या दशकाच्या अखेरीसच बनवले होते, आणि गिऱ्हाईक होते टर्मिनलवर दिवसभर काम करणारे लोक. तेव्हा सेन्सर फक्त चालू-बंद एवढंच सांगायचा. खोली मोजून ती हवी तशी बदलायची सोय अलीकडची.

जाता जाता दोन गोष्टी तपासा. सेटिंग लावून झाल्यावर ती कीबोर्डाच्या स्वतःच्या मेमरीत प्रोफाइल म्हणून जपा, नाहीतर दुसऱ्या संगणकाला जोडल्यावर कारखान्याची सेटिंग परत येईल. आणि घरात कोणी त्याच कीबोर्डवर खेळत असेल, तर त्यांचं प्रोफाइल वेगळं ठेवा. त्यात दोन विरुद्ध दिशांच्या कीजपैकी शेवटची दाबलेलीच चालू ठेवणारी सोय बहुधा असते. ती ए आणि डी या कीजवर लावलेली राहिली आणि तुम्ही लिहायला बसलात, तर त्या दोन कीज एकमेकींवर येतील तेव्हा पहिलीचं अक्षर कधीकधी शेवटी पुन्हा उमटेल. इन्स्क्रिप्टमध्ये त्या दोन जागी ओकार आणि हलन्त आहेत.